उद्या म्हणजे कधी?

बुधवारी रात्री ९ वाजता माझ्या ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस लावलं. मजकूर असा: ‘आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, आमच्या महिला बचत गटाने *प्रीमियम चिन्नोर तांदूळ* ग्राहकांच्या सेवेत दाखल केला आहे. उद्या सकाळी १० वाजता अर्जुनी बसस्थानकाजवळ उपलब्ध. किमतीसाठी संपर्क साधा.’ गुरुवारी सकाळी ताई आणि गटातल्या दोघी पिशव्या घेऊन अर्जुनीला जाऊन बसल्या. चार गिऱ्हाइकं आली. शुक्रवारी त्याच जागी, त्याच वेळेला नऊ जण येऊन उभे राहिले, आणि तिथे ताई नव्हती.

त्या नऊ जणांनी स्टेटस गुरुवारी सकाळी चहासोबत पाहिलं होतं. त्यांच्या दृष्टीने उद्या म्हणजे शुक्रवार. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस २४ तास जगतं, आणि ‘उद्या’ हा शब्द त्यातले फक्त पहिले तीन तास खरा होता. रात्री १२ वाजले आणि तो खोटा झाला. ताईने काही चुकीचं लिहिलं नव्हतं, ते स्टेटसवर शिळं झालं होतं.

ताईचं गाव इटियाडोहच्या कालव्याखाली आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर हे धरण १९७० साली झालं. पावसाळ्यात ते ओसंडायला लागलं की माणसं मोबाइल वर धरून गर्दी करतात. उरलेलं वर्षभर ते मुकाट्याने कालव्यातून धान पिकवतं, आणि त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. तर अशा या भागातल्या दहा बायांनी चार क्विंटल चिन्नोर भरडून घेतला, एक किलो आणि पाच किलोच्या पिशव्यांत भरला, आणि तो जगाला सांगायचं काम पुण्यात कंपनीत असलेल्या माझ्या भाचीकडे दिलं. शिकलेली मुलगी, रोज आठ तास संगणकासमोर बसते, तिला एवढं तर येणारच.

तिने एकच मजकूर लिहिला. तो इन्स्टाग्रामवर टाकला, लिंक्डइनवर टाकला आणि आईला स्टेटससाठी पाठवला. तिन्हीकडे तोच फोटो, तोच आनंद, तोच उद्या. ‘मामा, ब्रँडचा आवाज सगळीकडे सारखा पाहिजे,’ असं तिने मला ऐकवलं. आवाज सारखा ठेवायला माझी हरकत नाही. पण गावात दवंडी देणारा कोतवालसुद्धा पाटलाच्या वाड्यासमोर एक शब्द वापरायचा आणि मोहल्ल्यात दुसरा. हुकूम एकच असायचा.

त्या मजकुराचे तिन्हीकडे तीन तऱ्हेचे हाल झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकल्या की अक्षरं ठळक होतात. इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनला ही खूण कळत नाही. तिथे ‘*प्रीमियम चिन्नोर तांदूळ*’ तारकांसकट दिसत होतं, जणू खाली कुठेतरी ‘अटी लागू’ असं लिहिलेलं असावं. पुण्यामुंबईतल्या माणसाला अर्जुनी बसस्थानकाजवळ सकाळी १० वाजता बोलावलं होतं, त्याच्या ये-जाचं भाडं कोण देणार होतं देव जाणे. आणि लिंक्डइनवर ‘अत्यंत आनंद होत आहे’ या वाक्याला भाचीच्या कार्यालयातल्या सदतीस जणांनी टाळ्या दिल्या, अभिनंदन केलं, आणि एकानेही तांदूळ मागितला नाही.

मग शनिवारी आम्ही मामा-भाची ताईच्या ओसरीवर बसलो. भाचीने मजकूर तीन मापांत कापायला घेतला. इन्स्टाग्रामला २२०० अक्षरं चालतात, लिंक्डइनला ३०००, स्टेटसला टाइप करून लिहिलं तर ७००. मी म्हटलं, हे शिंप्याचं काम झालं. गिऱ्हाईक कोण, ते आधी बघ.

शिवाय मापही फसवं आहे. ही अक्षरं आपल्या अक्षरांसारखी मोजत नाहीत. ‘चिन्नोर’ आपण तीन अक्षरांत म्हणतो. यंत्र मात्र च, इकार, न, हलंत, न, ओकार, र असे सात मोजतं. ‘तांदूळ’ सहा. म्हणजे ७०० आकडा ऐकून खूश झालेल्या मराठी माणसाच्या पदरात त्याच्या जवळपास निम्मंच पडतं. पण खरी मेख यातही नाही. कोणी ७०० अक्षरांचं स्टेटस वाचतच नाही. इन्स्टाग्रामवर साधारण पहिली सव्वाशे अक्षरं दिसतात आणि पुढचं ‘आणखी’च्या दाराआड जातं. लिंक्डइनवर फोनच्या पडद्यावर तीनेक ओळी दिसतात. भाचीच्या मूळ मजकुरातली पहिली सव्वाशे अक्षरं ‘आम्हाला कळविण्यास’पासून सुरू होऊन ‘दाखल केला आहे’पाशीच संपत होती. आनंद दिसत होता. किंमत, वजन, जागा, सगळं दाराआड.

आधी आम्ही पाटी काढली. पाटी म्हणजे घोषणेतल्या ज्या गोष्टी जिथे येतील तिथे अक्षरशः सारख्याच राहिल्या पाहिजेत त्या. चिन्नोर, या हंगामाचा, सिंगल पॉलिश. भरडला २९ डिसेंबरला. एक किलो १२० रुपये, पाच किलो ५७५ रुपये. साठा चार क्विंटल, त्यातले गुरुवारी गेलेले वजा. विक्री शनिवार १० जानेवारी, सकाळी १० ते १२, अर्जुनी बसस्थानकाजवळ. गटाचा फोन नंबर. पिशवीवर छापलेला अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक. एवढंच. कॅप्शन तीन होतील, पाटी एकच. हिच्यातला एक आकडा एका ठिकाणी बदलला तर तिन्हीकडे बदलायचा. इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर मागाहून दुरुस्ती करता येते. स्टेटसला दुरुस्ती नाही, ते काढून टाकायचं आणि नवं लावायचं. म्हणून स्टेटस सगळ्यात शेवटी लिहायचं, बाकी दोन वाचून झाल्यावर.

पाटीत नसलेल्या दोन शब्दांवरून वाद झाला. मूळ मजकुरातला ‘प्रीमियम’ मी खोडला. भाची रागावली. मी विचारलं, चिन्नोरमध्ये प्रीमियम नसलेला कोणता असतो? तिला सांगता येईना.

दुसरा शब्द तिला नव्याने घालायचा होता. ‘जीआय मानांकित’. इथे मात्र मी पेन हातातून काढूनच घेतलं. बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही आहे, आणि आम्ही बसलोय दोघांच्या मध्ये. भाचीचा युक्तिवाद असा की, गोंदिया तर भंडाऱ्यातूनच निघाला. बरोबर, १ मे १९९९ पर्यंत आम्हीही भंडारेकरच होतो. पण हे मानांकन नात्यावर मिळत नाही. १९९९ च्याच कायद्याप्रमाणे माल नोंदणीत लिहिलेल्या भूभागातला असावा लागतो आणि विकणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवावं लागतं. ताईच्या गटाने तसली नोंदणी केलेली नाही. तांदळाचा वास तोच असेल, पण शब्द आपला नाही. लिंक्डइनवर तो लिहिला असता तर पहिल्या जाणत्या खरेदीदाराने प्रमाणपत्र मागितलं असतं, आणि टाळ्या देणारे सदतीस जण तेव्हा दिसले नसते.

आता गिऱ्हाईक. एकच गोष्ट घेऊ, तांदूळ नवा आहे. नवा तांदूळ म्हणजे कापणी होऊन दीड-दोन महिने झालेला. तो पाणी कमी पितो, भात मऊ आणि जरा चिकट होतो. जुना झाला की पाणी जास्त घेतो आणि मोकळा होतो. ही एकच माहिती तीन माणसांना तीन तऱ्हेने सांगावी लागते.

स्टेटस पाहणाऱ्या शेजारच्या मावशीला फक्त ‘नवा’ एवढं म्हटलं की पुरे. पुढचं तिला आपल्याहून जास्त कळतं. इन्स्टाग्रामवरच्या पुण्याच्या सुनेला ‘नवा’ म्हणजे ताजा, म्हणजे चांगला असं वाटेल. ती नेहमीएवढं पाणी घालेल, भाताची पेज होईल, आणि ती पेजेचा फोटो टाकून आपल्याला टॅग करेल. तिला पाणी कमी घाल म्हणून सांगायला हवं. आणि लिंक्डइनवर नागपूरच्या हॉटेलचा खरेदी बघणारा माणूस ‘नवा’ वाचून विचारणार, ओलावा किती?

ओलावा भात गिरणीतल्या मीटरवर १३ टक्के आला होता, चिठ्ठी ताईकडे होती. कणी किती, याचं उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं. भाची म्हणाली, ‘पाच टक्के लिहू, बरं दिसतं.’ ताईने काही न बोलता सोनाराकडून आणलेला छोटा काटा काढला, १०० ग्रॅम तांदूळ ताटात पसरला आणि दोघीतिघी कणी वेचायला बसल्या. पाऊण दाण्याहून लहान तुकडा तो कणीत टाकायचा असं ठरलं. वीस मिनिटांनी कणी काट्यावर ठेवली, ७ ग्रॅम भरली. लिंक्डइनवर ७ लिहिलं. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं कॅप्शन त्या ताटात लिहिलं गेलं.

कारण धान्याचा व्यापारी जाहिरात वाचत नाही, तळहातावर दाणे घेतो. एक दाताखाली धरतो, कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. आमच्या या पट्ट्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून त्यातून एक वाण काढलं. १९९० मध्ये ते तळोधीच्या बाजारात आलं तेव्हा त्याला नावही नव्हतं. व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून त्याचं एचएमटी करून टाकलं. घड्याळ कंपनीला कोणी विचारलं नाही, कॅप्शन कोणी लिहिलं नाही. विकणारा आणि घेणारा एकाच बाजारात उभे होते आणि मधे तळहात होता. लिंक्डइनवर तळहात नाही, म्हणून तिथे आकडे लागतात. आनंद होत आहे हे वाक्य दाताखाली धरून बघता येत नाही.

लिंक्डइनचं कॅप्शन शेवटी असं झालं:

‘इटियाडोहच्या कालव्यावरचा चिन्नोर, सव्वातीन क्विंटल उपलब्ध. सिंगल पॉलिश, २९ डिसेंबरला भरडलेला. ओलावा १३ टक्के, कणी १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम.

नवा तांदूळ आहे, भात मऊ होतो; खीर, साधा भात, वरणभातासाठी चांगला. मोकळ्या पुलावासाठी घेऊ नका. कोंड्याचा थर थोडा राखला असल्याने तो जास्त टिकत नाही, उन्हाळ्याआधी संपवावा. पाच किलोची पिशवी ५७५ रुपये. ५० किलोपासून पुढे घेणाऱ्यांना आधी २०० ग्रॅमचा नमुना पाठवू. पिकवणाऱ्या आणि पॅक करणाऱ्या दहा महिला, अर्जुनी मोरगाव तालुका. अन्न परवाना क्रमांक पिशवीवर आणि फोटोत.’

‘घेऊ नका’ हे भाचीला पटेना. विकायला बसलोय की पळवून लावायला? पण पुलाववाल्याने घेतला असता तर परत आणून दिला असता, आणि ५० किलो परत घ्यायला अर्जुनीहून टेम्पो करावा लागला असता. अभिनंदनवाले कमी झाले. सहाजणांनीच आवडलं म्हटलं. दोघांनी नमुना मागितला.

भाचीला तिथे अक्षरं ठळक करायची होती. इंग्रजी लिहिणारे लोक गणिताच्या चिन्हांतली जाड अक्षरं उचलून तिथे चिकटवतात आणि ठळक दिसल्याचा आनंद घेतात. देवनागरीला युनिकोडने तसली जाड चिन्हंच दिलेली नाहीत. हा अन्याय आहे की कृपा, ते ज्याने त्याने ठरवावं. ओळ रिकामी सोडली की काम भागतं.

इन्स्टाग्रामला आम्ही जास्त वेळ घेतला. तिथला माणूस आपल्याला ओळखत नाही, त्याला इटियाडोह म्हणजे धरण की देवस्थान हेही ठाऊक नाही, आणि तो तांदूळ घ्यायला आलेलाच नाही. तो आत्ताच एका मांजरावरून आपल्याकडे आला आहे. त्याच्यासमोर आधी फोटो येतो. भाचीचा फोटो होता दहा बायांचा, रांगेत उभ्या, हातात पिशव्या, चेहऱ्यावर ‘लवकर काढ बाई’. तो लिंक्डइनला गेला. इन्स्टाग्रामला ताईच्या चुलीवरच्या उघड्या पातेल्याचा घेतला, वाफेसकट. सकाळी साडेसातला, कारण वाफ दिसायला मागे काळोख आणि बाजूने ऊन लागतं, आणि चुलीजवळ तेवढंच ऊन येतं.

पहिली ओळ ताईच्या तोंडून आली. ती पातेलं उतरवत म्हणाली, ‘झाकन उघडलं का शेजारीन इचारतेच, आज का शिजवून रायली?’ झाडीबोलीत ण नसतो. भाचीने ती ओळ पटकन प्रमाण मराठीत नेली:

‘झाकण उघडलं की शेजारीण विचारते, आज काय शिजतंय? इटियाडोहच्या कालव्याखालचा चिन्नोर, या हंगामाचा.’

मोजलं, यंत्राच्या हिशेबाने शंभराच्या आत बसलं. ‘आणखी’च्या दाराआधी नाव, गाव आणि वास तिन्ही आले. दाराच्या आत: ‘१ किलो १२० रुपये, ५ किलो ५७५ रुपये, टपाल खर्च वेगळा. नवा तांदूळ आहे, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला आणि पहिल्यांदा वाटीभरच शिजवून बघा. २९ डिसेंबरला भरडलाय. मागवायचा दुवा बायोत.’

मूळ मजकुरात ‘किमतीसाठी संपर्क साधा’ होतं. इन्स्टाग्रामवरचं हे खास व्यसन आहे. किंमत विचारायला डीएम करा, म्हणजे दुकानात शिरल्यावर मालकाने कानात भाव सांगावा तसं. ज्याला १२० जास्त वाटतात तो विचारूनही घेणार नाही. ज्याला वाटत नाहीत त्याला उगाच थांबवायचं कशाला? आणि डीएमला उत्तर द्यायला ताई दुपारी ३ नंतरच मोकळी असते.

दुव्याचंही तसंच. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेला पत्ता दाबता येत नाही. भाचीने आधी तिथे अख्खा पत्ता लिहिला होता, तो नुसता शोभेला. म्हणून तो बायोत टाकला, आणि पत्ता असा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

९१ नंतर गटाचा दहा आकडी नंबर, मधे जागा नाही, आधी शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही. यातलं काही घुसलं की दुवा चुकतो. तो दुसऱ्याच फोनवरून दाबून बघितल्याशिवाय सोडायचा नाही. भाचीच्या फोनवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं असं नाही.

हॅशटॅगवर भांडण झालं. तिने पंधरा लिहिले होते, त्यात एक चक्क ‘फूडी’. मी विचारलं, जगातले सगळे खादाड जिथे गर्दी करतात तिथे तुझी पिशवी कोणाला दिसणार? शेवटी चारच ठेवले. #चिन्नोर, #अर्जुनीमोरगाव, आणि धरणाचं नाव दोनदा, #itiadoh आणि #itiyadoh, कारण रोमन लिपीत लोक ते दोन्ही तऱ्हेने लिहितात आणि त्यात भांडण नको. हॅशटॅगमध्ये जागा सोडली तर तो तिथेच तुटतो, म्हणून अर्जुनी मोरगाव जोडून लिहिलं. एरवी असं लिहिलेलं आम्हाला खपत नाही.

एक शब्द ताईनेही खोडला. भाचीने ‘भातपीक’ लिहिलं होतं. ताई म्हणाली, ‘भात ताटात असते वो, बांधीत धान असते.’ पुण्याकडे शेतातही भातच असतो, पण तांदूळ बांधीतून आलाय हे सांगायचं तर शब्दही बांधीतलाच पाहिजे. लोंबीची ती इमोजी मात्र राहू दिली. सगळे तिला गहू समजून वापरतात. युनिकोडच्या दप्तरात तिचं नाव भाताची लोंबी असंच आहे. आयुष्यात एकदा ती बरोबर जागी आली.

आता स्टेटस. तिथे अनोळखी कोणी नाही. ज्यांचा नंबर आपण साठवलाय आणि ज्यांनी आपला साठवलाय, अशाच दोन्ही बाजूंनी ओळख असलेल्या लोकांना ते दिसतं. ताईचं म्हणणं होतं की, गटाचा नंबर अख्ख्या तालुक्याकडे आहे. असेल. पण गटाच्या फोनमध्ये साठवलेले नंबर निघाले एकेचाळीस, त्यातले चार गॅसच्या एजन्सीचे. मंडईत ज्या पन्नास जणांनी नंबर घेतला त्यांचे नंबर आपण घेतलेच नव्हते. त्यांनी स्टेटस पाहिलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. आता पिशवी देताना ताई आधी समोरच्याचा नंबर नावासकट साठवते, मग पैसे घेते. नावही कसं? ‘चिन्नोर बाराभाटी चष्मेवाले’. वाचून लगेच माणूस डोळ्यांसमोर येतो.

ओळखीच्या माणसाला आनंद कळवायचा नसतो. त्याला इटियाडोह सांगायचा नसतो, तो तिथे पोहून मोठा झालेला असतो. ओलावा सांगायचा नसतो. त्याला तीनच गोष्टी पाहिजेत: काय, कितीला, कधी-कुठे. आणि आपल्याला त्याच्याकडून एक गोष्ट पाहिजे, किती पिशव्या बांधून न्यायच्या तो आकडा. पुढच्या गुरुवारी रात्री लावलेलं स्टेटस असं:

‘नवा चिन्नोर. १ किलो १२०, ५ किलो ५७५. शनिवार १० जानेवारी, सकाळी १० ते १२, अर्जुनी बसस्थानकाजवळ. पाहिजे त्यांनी शुक्रवार ९ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत आकडा पाठवा.’

उद्या नाही, आज नाही, परवा नाही. वार आणि तारीख दोन्ही, कारण नुसती तारीख लिहिली की माणूस वार काढायला कॅलेंडरकडे जातो आणि तिकडेच राहतो. हाच नियम बाकी दोन ठिकाणी अधिकच कडक लागतो. इन्स्टाग्राम आणि लिंक्डइन एखादा मजकूर चार दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीही कोणासमोर आणून ठेवतात. तिथला ‘आज’ तर नासलेल्या दुधासारखा. स्टेटसचा मजकूर फोटोच्या अगदी वर किंवा अगदी खाली लिहायचा नाही, हेही शिकलो. वर नाव आणि वेळेची पट्टी येते, खाली कॅप्शन आणि उत्तराची जागा. पहिल्या फोटोत किंमत नेमकी खाली होती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सत्तावीस उत्तरं आली. ताई चष्मा लावून बसली. ‘१’ आलं, ‘५’ आलं, ‘५’ आलं, मग ‘२’ आलं. दोन काय? एक किलोच्या दोन, की पाच किलोच्या दोन? मग ‘१०’ आलं. मग एकाने नुसता अंगठा पाठवला. म्हणजे आकडा मागितला, पण कशाचा ते लिहिलं नाही. हे मीच लिहून दिलं होतं, भाचीने नव्हे, हे ताईने दोनदा बोलून दाखवलं. नऊ जणांना फोन करावे लागले. पुढच्या वेळी ‘एकूण किती किलो ते लिहा’ असं लिहायचं ठरलं. ‘किलो’ हा एक शब्द वाचवला आणि नऊ फोन पदरात पडले.

शनिवारी साडेअकराला पिशव्या संपल्या. त्या आठवड्यात टपालाने आणि नागपूरला मिळून उरलेला साठाही गेला. स्टेटस आपोआप विझलं होतं, त्याचं काही करावं लागलं नाही. बाकी दोन कॅप्शनं मात्र जिवंतच होती. काल लिंक्डइनवर एका गृहस्थांनी विचारलं, ‘५० किलो मिळेल का, नमुना पाठवा.’ मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, ‘अय्या मामा, पहिल्या ओळीत संपला असं लिहायचं राहूनच गेलं.’ आज सकाळी पाहिलं, लिंक्डइनवर तिने लिहिलंय. इन्स्टाग्रामवर अजून नाही.